मदत हवी आहे: सवयींच्या तक्त्यावरचे रडके चेहरे काढून टाकावेत का?

नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबाग भागात राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघे, साडेचार वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा आहे. मुलीला रात्री दात घासणे, खेळणी आवरणे, जेवताना एका जागी बसणे आणि बाहेरून आल्यावर हातपाय धुणे या सवयी लागाव्यात म्हणून फ्रिजवर एक तक्ता लावला आहे. काम आपणहून केले तर हसरा चेहरा, दहा वेळा सांगून केले तर सरळ तोंडाचा, आणि केलेच नाही तर रडका. आठवडाभरात पुरेसे हसरे चेहरे जमले की एक मोठी सोनेरी चांदणी मिळते.

पहिले काही दिवस तिचा उत्साह पाहण्यासारखा होता. आता मात्र संध्याकाळी एखादा रडका चेहरा पडला की ती त्या दिवसापुरते सगळेच सोडून देते. परवा तक्त्यातल्या खेळण्यांच्या घरात रडका चेहरा काढल्यावर तिने त्यावर खडूने इतके गिरवले की कागद फाटला, आणि म्हणाली, "आता दात पण नाही घासणार. आज मी रडकीच आहे." ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. शिवाय सासऱ्यांना तिचे रडणे बघवत नाही, त्यामुळे ते नंतर हळूच एखादी चांदणी चिकटवून देतात. तक्ता बंद करावा, की त्यात बदल करावा? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

माईणकर_सातारा: ताई, तक्ता ताबडतोब काढून टाका. बक्षीस दिले की मुलांची मुळातली आवड मरते, हे 1973 साली अमेरिकेत प्रयोग करून सिद्ध झालेले आहे. चित्र काढल्याबद्दल प्रमाणपत्र देऊ असे ज्या मुलांना आधी सांगितले होते, ती मुले नंतर चित्रे कमी काढू लागली. आम्ही लहान असताना कोणी चांदण्या देत नव्हते, तरी दात घासतच होतो.

घरकुल: तुम्ही तक्ता कागदावर काढला आहे का? मी लोहचुंबकाचे चेहरे असलेला तयार फळा मागवला आहे, तो फाटत नाही. हवा असल्यास फोटो टाकते.

शिशुवर्ग_निवृत्त: मी साताऱ्यात बरीच वर्षे शिशुवर्ग सांभाळला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

माईणकर यांनी सांगितलेला प्रयोग खरा आहे, पण त्यातला महत्त्वाचा भाग राहून गेला. ती तीन ते पाच वर्षांची मुले मुळातच चित्रे काढण्यात रमणारी निवडली होती. आवडत्या कामाला आधीच बक्षीस कबूल केले, तेव्हा नंतर त्यांचा चित्रांमधला वेळ इतर मुलांच्या जवळजवळ निम्म्यावर आला. ज्यांना काही न सांगता नंतर अचानक प्रमाणपत्र दिले, त्यांची आवड मात्र कमी झाली नाही. रात्री दात घासणे हा कुठल्याच साडेचार वर्षांच्या मुलाचा आवडता खेळ नसतो. म्हणून या प्रयोगावरून इतकेच घ्यावे की जे मूल आनंदाने करते, म्हणजे चित्रे, गोष्टी, धाकट्या भावाशी खेळणे, ते तक्त्यावर आणू नये.

आता रडक्या चेहऱ्याविषयी. मोठ्यांच्या दृष्टीने ती फक्त नोंद असते, पण या वयाचे मूल 'खेळणी आवरली नाहीत' आणि 'मी वाईट आहे' यांत बरेचदा फरक करू शकत नाही. तुमच्या मुलीने तो चेहरा स्वतःचा मानला आहे, हे तिच्या वाक्यातूनच दिसते. आणि दिवस एकदा बिघडला की पुढचे काही करून उपयोग नाही, हा तिचा हिशेब तिच्या परीने बरोबरच आहे. त्यामुळे रडका आणि सरळ तोंडाचा असे दोन्ही चेहरे काढून टाका. काम झाले तर चांदणी लावायची, नाही झाले तर घर कोरे ठेवायचे आणि त्यावर एक शब्दही बोलायचा नाही. मिळालेली चांदणी दुसऱ्या कशाच्या शिक्षेपोटी कधीही काढून घेऊ नये, नाहीतर तिचा तक्त्यावरचा विश्वासच जाईल.

दुसरे म्हणजे, चार सवयी एकदम फार होतात. फक्त रात्रीचे दात घासणे घ्या. त्यातही चांदणी नेमकी कशाची, ते ठरवा. या वयात दात शेवटी आपणच घासून द्यावे लागतात, तेव्हा 'नीट घासले' यासाठी चांदणी ठेवली तर रोज वाद होईल. 'एकदा हाक मारल्यावर ब्रश घेऊन बेसिनपाशी येणे आणि तोंड उघडणे' हे तिला जमते आणि घरातल्या कोणालाही स्पष्ट दिसते. चूळ भरून झाली की तिथल्या तिथे तिच्याच हाताने स्टिकर लावू द्या. सकाळी लावू म्हटले तर त्याचा कामाशी संबंध तुटतो. सध्या ती आठवड्यातून दोन रात्री आपणहून येत असेल, तर पहिल्या आठवड्याचे उद्दिष्ट तीन चांदण्यांचे ठेवा, आणि त्या लागोपाठच असाव्यात अशी अट नको. तीन झाल्या की रविवारी आमराईत जाणे किंवा रात्रीची गोष्ट तिने निवडणे एवढे बक्षीस पुरे. पुढे तीनाचे चार, चाराचे पाच करत जा. दोन आठवड्यांनंतरही बहुतेक घरे कोरीच राहत असतील, तर मुलीला दोष न देता काम आणखी लहान करा.

कृष्णाकाठ: माझा मुलगा सहा वर्षांचा आहे आणि अजून अंथरूण ओले करतो. कोरड्या रात्रीसाठी चांदणी ठेवली आहे, पण तो सकाळी तक्त्याकडे बघतही नाही. यालाही हेच लागू होईल का?

शिशुवर्ग_निवृत्त: नाही, ती चांदणी कृपया बंद करा. झोपेतली लघवी त्याच्या हातात नसते, त्यामुळे कोरे घर त्याला रोज विनाकारण हरवते. झोपण्यापूर्वी लघवीला जाऊन येणे किंवा सकाळी ओली चादर बादलीत टाकायला मदत करणे, अशा त्याला करता येणाऱ्या गोष्टींसाठी चांदणी द्या. आणि एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा, विशेषतः मध्यंतरी कोरडा राहू लागून पुन्हा सुरू झाले असेल तर.

माईणकर_सातारा: प्रयोगाचा खुलासा पटला. तरीही आज दातांसाठी चांदणी घेणारे मूल उद्या पाण्याचा पेला आणून देण्यासाठीही चांदणी मागेल, ही माझी शंका कायम आहे.

शिशुवर्ग_निवृत्त: ही शंका रास्त आहे. काम करण्याआधीच "किती मिळणार?" असे मूल विचारू लागले, की तक्ता रेंगाळला आहे असे समजावे. म्हणून सवय बसू लागली की रोजच्या चांदणीऐवजी आठवड्याला एकच चांदणी द्यावी आणि पुढे तो विषय तक्त्यावरून उतरवावा. "हाक मारल्याबरोबर आलीस" असे नेमके शब्द मात्र चालू ठेवावेत. तरी काही मुले मागत राहतात, आणि त्यांच्यासाठी एकच खात्रीचा उपाय माझ्याकडे नाही.

मूळ धागाकर्ती: मनापासून आभार. आजच तिला सोबत घेऊन एका ओळीचा नवा तक्ता काढते. सासऱ्यांना काय सांगावे, हे मात्र अजून सुचत नाही. ते प्रेमापोटीच करतात, आणि थेट 'लावू नका' म्हणणे बरे दिसत नाही.

वाळवेकर_आजोबा: सूनबाई, मीही आजोबा आहे. आम्हाला 'लावू नका' म्हणण्यापेक्षा रात्री हाक मारण्याचे आणि स्टिकरचे पाकीट सांभाळण्याचे काम द्या. नातीबरोबर बेसिनपाशी रोज आम्हीच उभे राहिलो, तर चांदणी कशाची आहे ते आम्हालाही कळेल. फक्त दोन वर्षांच्या नातवालाही चांदणी लागेल, त्याचे काय करायचे ते जाणकारांनी सांगावे. आमच्या घरी त्यावरूनच रोज भांडण होते.