मदत हवी आहे: गायकांची निवड पडद्याआडून कशी घ्यावी?

स्वरगंधा (धागाकर्ती)

नमस्कार. आम्ही सोलापुरात एक छोटं गायन मंडळ चालवतो. दरवर्षी समूहगानासाठी बारा जण निवडतो. मागच्या वर्षी सेहेचाळीस जण आले होते आणि परीक्षक आम्ही तिघं होतो. गुण असे ठेवले होते: सूर 40, ताल 20, शब्दोच्चार 20, सादरीकरण 20.

त्यात एक मुलगी होती. तिच्या चेहऱ्यावर आणि मानेवर भाजल्याचे व्रण आहेत. तिला सुरात 35, तालात 17 आणि शब्दांत 16 मिळाले. सादरीकरणात मात्र 9. एकूण झाले 77. बाराव्या नंबरावर जी आली तिचे 81 होते, म्हणून ही गेली. पुढे महिनाभराने कागद आवरताना मी सहज सादरीकरणाचा रकाना झाकून बेरीज केली. हिचे 68, बारावीचे 66.

सादरीकरणात बाकी सगळ्यांना 14 ते 18 होते. नऊ फक्त हिलाच. ते गुण तिघांच्या सरासरीचे आहेत, म्हणजे त्यात माझेही आले. मी काय बघून दिले होते ते आठवायचा खूप प्रयत्न केला. ती हलली नाही, हात वारे केले नाहीत, डोळे मिटून गायली. तसं तर आणखी दहा जण गायले होते.

यंदा गड्डा यात्रेच्या आधी निवड घ्यायची आहे आणि मी पडदा लावून ब्लाइंड ऑडिशन घ्यायचं म्हणते आहे. कार्यकारिणीत दोन जण तयार आहेत, बाकीचे हसले. ज्यांनी असं प्रत्यक्ष केलंय किंवा स्वतः दिलंय त्यांनी कृपया सांगा, कसं करायचं आणि कुठे फसतं?

जुळेसोलापूरकर

ताई, चांगला विचार आहे. अंध मुलांसाठी इथे काम करणारे लोक माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्या मुलांना सकाळची वेळ द्या, रिक्षाची सोय मी करतो.

स्वरगंधा

दादा, मनापासून आभार. पण माझं म्हणणं वेगळं होतं. गाणारा कोणीही असो, परीक्षकांना तो दिसू नये असं करायचंय. अंध मुलं आली तर आनंदच आहे, तुमचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा.

निखिल_पुणे

हे अमेरिकेत सिद्ध झालेलं आहे. ऑर्केस्ट्रांनी पडदे लावले आणि बायकांची संख्या 50 टक्क्यांनी वाढली. कार्यकारिणीला एवढं एक वाक्य सांगा, विषय संपला.

व्हायोलिनवाला

निखिल, ते वाक्य कार्यकारिणीपुढे टाकू नका. उद्या कोणी खोदून विचारलं तर स्वरगंधाताई अडचणीत येतील. गोल्डिन आणि राऊझ या दोघींचा 2000 सालचा अभ्यास आहे तो. त्यातला 50 टक्क्यांचा आकडा प्राथमिक फेरीतून पुढच्या फेरीत जाण्याच्या शक्यतेबद्दल आहे, ऑर्केस्ट्रातल्या बायकांच्या संख्येबद्दल नाही. त्याच अभ्यासात उपांत्य फेरीत आकडे उलटे निघाले होते. फेरीगणिक माणसं थोडी होती, त्यामुळे नंतर बऱ्याच जणांनी त्या निष्कर्षावर शंका घेतली. पडदा उपयोगाचा आहे असं माझं मत आहे, पण ते त्या आकड्यावर उभं नाही.

ताई, मी काही वर्षं परदेशात होतो आणि पडद्यामागून सात ऑडिशन दिल्या. एकीत निवड झाली. प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगतो.

दारावर एक माणूस बसतो. त्याचा परीक्षणाशी काही संबंध नसतो. चिठ्ठी काढून तो नंबर देतो आणि नावांची यादी लिफाफ्यात बंद करून स्वतःकडे ठेवतो. उमेदवार पडद्यामागे गेल्यावर तोंडातून शब्द काढत नाही. काही विचारायचं असेल तर त्या माणसाच्या कानात सांगायचं, मग तो मोठ्याने विचारतो. तुमच्याकडे सगळ्यात आधी इथेच फसेल, कारण आपल्या मुलांना "नमस्कार, मी अमुक, आज आपल्यासमोर" असं म्हणूनच गायची सवय असते. दारातच दोनदा बजावा.

मग पावलं. तिकडे सतरंजी अंथरतात किंवा बूट काढायला लावतात, कारण टाचांच्या आवाजावरून बाई की पुरुष ते कळतं. आपल्याकडे बांगड्या आणि पैंजण बाहेर काढून ठेवायला सांगा.

आता पेटी. पेटीवाला बहुधा तुमच्याच मंडळातला असणार. त्याला गाणारा दिसतो आणि आपला विद्यार्थी आला की त्याचा हात नकळत सढळ होतो. सूर सांभाळून घेतो, जागा भरून काढतो, आणि परीक्षकाला वाटतं मुलगा पक्का आहे. म्हणून पहिल्या फेरीत पेटी नकोच. तानपुऱ्याचं ॲप आणि एकच ठेका पुरे.

गुण प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहून उलटा ठेवायचा. सगळे नंबर होईपर्यंत आपसात बोलायचं नाही. मोठ्या परीक्षकाने नुसतं "वा" म्हटलं की बाकीच्यांची पेन्सिल दोन गुण वर सरकते.

शैलजा_के

पडद्याला काय वापरायचं? आपल्याकडे चादरींना काय तोटा!

व्हायोलिनवाला

चादर जमिनीवर अंथरा, पावलांसाठी उत्तम. टांगू मात्र नका. जाड विणीचं कापड वरच्या पट्टीचा आवाज खातं. स, श, त, ट बोथट ऐकू येतात आणि शब्दोच्चाराचे गुण सगळ्यांचेच पडतात. पातळ सुती कापड दुहेरी करून लावा. गाणाऱ्याच्या मागे खिडकी किंवा दिवा नको, नाहीतर सावली पडते आणि पडदा असून नसल्यासारखा होतो.

अक्कलकोटकर

एक वेगळी बाजू मांडतो. आमच्या घरात कन्नड बोलतात. मी मराठी शाळेत शिकलो, मराठीत कविता लिहितो, तरी गाताना "चांदणं" मधला च माझ्याकडून चहाच्या च सारखा येतो. परीक्षकाला मी दिसत असतो तेव्हा तो गाण्यात रमतो, चेहरा, हात, भाव हे सगळं बघतो. पडद्यामागे त्याच्याकडे फक्त माझा आवाज उरेल आणि तो च त्याला दुप्पट खटकेल. सोलापुरात अशी घरं किती आहेत, तेलुगू, कन्नड, उर्दू, ते मी तुम्हाला सांगायला नको. रूप झाकलंत तर भाषा उघडी पडते.

स्वरगंधा

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शब्दोच्चाराचे 20 आहेत तसेच ठेवावेत की कमी करावेत?

व्हायोलिनवाला

अक्कलकोटकरांचा मुद्दा पटला आणि माझ्याकडे त्यावर पक्कं उत्तर नाही. एक करता येईल. कोणत्या चुकीला गुण कापायचे ते आधीच लिहून ठेवा. शब्द अर्धवट गिळणं, चुकीच्या जागी श्वास घेऊन शब्द तोडणं, याला कापा. च आणि ज ला कापायचे नाहीत असं ठरलं तर ते कागदावर असू द्या. समूहगानात ते सरावाने बसतं.

रमाकांत_बार्शी

माझ्या मुलीचा प्रश्न आहे, धाग्याला थोडा सोडून. बी. कॉम. झाली, सावळी आहे, बुटकी आहे. प्रत्येक ठिकाणी अर्जावर फोटो मागतात. फोटो न लावता अर्ज पाठवावा का?

मीनल_एचआर

काका, जाहिरातीत फोटो मागितला नसेल तर बिलकुल लावू नका. मागितला असेल आणि नाही लावला तर बऱ्याच ठिकाणी अर्ज अपुरा म्हणून बाजूला पडतो, त्याची जबाबदारी मी घेऊ शकत नाही. नियम बदलायचा तर अर्ज मागवणाऱ्याने बदलायला हवा.

स्वरगंधाताई, यावरून आठवलं. तुमच्या प्रवेशअर्जावर फोटोची चौकट आहे का? असेल तर पडद्याआधीच सगळं उघड झालं. पण नाव, फोटो झाकला की न्याय झालाच असं मात्र समजू नका. फ्रान्समध्ये 2010-11 मध्ये सरकारी रोजगार सेवेने काही कंपन्यांना नाव-पत्ता झाकलेले अर्ज पाठवून पाहिले. स्थलांतरित घरांतल्या उमेदवारांना त्यामुळे मुलाखतीची बोलावणी उलट कमी आली. प्रयोगात आपणहून आलेल्या कंपन्या मुळातच त्यांच्याकडे सहानुभूतीने बघणाऱ्या होत्या. नाव दिसायचं तेव्हा शिक्षणातला खंड त्या समजून घ्यायच्या, नाव झाकल्यावर नुसता खंड दिसू लागला. तुमच्या मागच्या वर्षीच्या त्या मुलीच्या बाबतीत नऊ गुण कुठून आले ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून तुमच्याकडे पडदा कामाचा वाटतो.

गजानन_तबला

मला हे पटत नाही. समूहगान रंगमंचावर होतं. लोक तिकीट काढून बघायला येतात, नुसतं ऐकायचं तर घरी रेडिओ आहे. सादरीकरण हा गाण्याचाच भाग आहे. गायक पुतळ्यासारखा उभा राहिला तर गुण कापायला नकोत?

व्हायोलिनवाला

गजाननराव, रंगमंचाचा मुद्दा खरा आहे. पण डोळा कानावर किती कुरघोडी करतो ते बघा. 2013 साली चिया-जुंग त्साय यांनी वादनस्पर्धांच्या चित्रफिती लोकांना दाखवल्या. ज्यांना आवाज बंद करून नुसतं चित्र दाखवलं त्यांनी खरा विजेता जास्त वेळा ओळखला, नुसतं ऐकणाऱ्यांना ते जमलं नाही. सगळे म्हणत होते की आवाजच महत्त्वाचा, व्यावसायिक संगीतकारसुद्धा. म्हणून आधी पडद्यामागून वीस जण काढा, त्यांचे गुण शाईने लिहून सही करा, मग त्या विसांना समोर उभं करा. सादरीकरणात काय बघणार तेही लिहा: सुरुवात एकत्र उचलतो का, शेजाऱ्याचा आवाज ऐकतो का. चेहरा त्यात येत नाही.

शैलजा_के

आणि पडदा उघडल्यावर कोणी म्हणालं की हिला मागच्या रांगेत ठेवा, तर?

व्हायोलिनवाला

तसं झालेलं आहे. ॲबी कोनंट नावाच्या ट्रॉम्बोनवादक बाई 1980 मध्ये म्युनिकच्या ऑर्केस्ट्रात पडद्यामागून निवडल्या गेल्या. तेहतीस उमेदवार होते, यांचा नंबर सोळावा. बोलावणं "श्रीयुत" म्हणून आलं होतं. एका उमेदवाराचे वडील तिथल्या वादकांच्या ओळखीचे होते, एवढ्यासाठीच पडदा लावला होता. बाई आहे हे कळल्यावरही जागा मिळाली, पण 1982 मध्ये त्यांना पहिल्या जागेवरून दुसऱ्या जागेवर उतरवलं. कोर्टात त्या जिंकल्या, पण प्रकरण 1993 पर्यंत चाललं. तेव्हा रांगा कशा लावायच्या, आवाजाच्या पट्टीने की उंचीने, हेसुद्धा निवडीच्या आधी ठरवा.

आणखी एक. प्रत्येक गाण्यानंतर परीक्षकांनी चिठ्ठीवर लिहायचं: ओळखलं का, कोण वाटलं. शेवटी यादीशी ताडून बघा. बऱ्याच चिठ्ठ्या बरोबर निघाल्या तर पडदा नुसता टांगलेला होता असं समजा.

स्वरगंधा

काल संध्याकाळी सराव म्हणून सहा जणांवर करून पाहिलं. परीक्षक मी आणि आणखी एक जण, दोघांच्या मिळून बारा चिठ्ठ्या झाल्या, त्यातल्या सात बरोबर निघाल्या. माझ्या चार. माझ्याकडे शिकलेली मुलं मी पहिल्या श्वासातच ओळखते, त्याला पडदा काय करणार. म्हणून पहिल्या फेरीला मी परीक्षक म्हणून बसणार नाही असं ठरवलं. बार्शी आणि पंढरपूरहून दोघांना विचारलंय, एकांचा होकार आला.

फोटोची चौकट अर्जावरून काढली. च आणि ज चा नियम लिहिला, पण त्यावर आमच्याकडे अजून वाद चालू आहे. पंढरपूरचे सर म्हणतात, शुद्ध उच्चार हा गाण्याचा पाया आहे, त्यात सूट नको.

मागच्या वर्षीच्या मुलीला मी अजून फोन केलेला नाही. तिला या वर्षी या म्हणून सांगायचं आहे. मागचे गुण तिला सांगावेत का, यावर कोणाला काही सुचत असेल तर लिहा. अर्ज शनिवारपर्यंत घेणार आहोत.