उत्तर: शिफ्टमध्ये किती तिकिटं संपतील?

> दोन तास उरलेत, रांगेत ग्राहकांच्या विनंत्यांची २२ तिकिटं. टीम लीडरला काय आकडा सांगू?

सगळ्यांची मिळून एकच सरासरी धरू नका, तिथेच हिशोब फसतो. मागच्या आठवड्यातली प्रत्येक प्रकारची दहा-दहा तिकिटं बघा. वेळ मोजताना तिकीट उघडल्यापासून नोंद लिहून बंद करेपर्यंतचा धरा. नोंदीची दोन मिनिटं हमखास विसरतात.

समजा पत्ताबदलाला ४ मिनिटं लागतात, परताव्याला १२. रांगेत १२ पत्ताबदल आणि १० परतावे असतील तर १६८ मिनिटं हवीत. हाती १२०, त्यातून हँडओव्हर आणि मध्येच येणारे कॉल यांचे ३० वजा. उरले ९०. त्यात सगळे पत्ताबदल आणि तीनच परतावे बसतात. (आमच्याकडे चहाही याच तिसात!) तीन कोणते? ज्यांची मुदत आज संपते ते. उरलेले सात आत्ताच कळवा.