जिभेखालची ॲलर्जीची गोळी: रोज कोणत्या वेळी घ्यावी? आणि दाढ काढायची असेल तर?

मुग्धा_कोथरूड
नमस्कार. वर्षभर नाक चोंदलेलं, सकाळी उठल्या उठल्या शिंका. त्वचेच्या चाचणीत घरच्या धुळीतले माइट निघाले, म्हणून जिभेखालची गोळी सुरू झाली. पहिली शनिवारी दवाखान्यातच दिली आणि अर्धा तास बसवून ठेवलं. पाचेक मिनिटांत जिभेखाली आणि कानाच्या आत खाज सुटली, ओठ जड वाटला. श्वासाला काही झालं नाही. पंचवीस मिनिटांत सगळं शमलं. आज घरी दुसरी घेतली, तसंच झालं.
साडेसहाला चहा, सातला मुलाची बस, साडेआठला मी हिंजवडीला निघते. गोळी कुठे बसवू? आणि गुरुवारी अक्कलदाढ काढायची आहे, हे डॉक्टरांना सांगायचं राहिलं.

नाना_सदाशिव
रात्री झोपताना घे, खाज कळणारच नाही. वेळ मात्र रोज एकच ठेव.

शिरीष७२
मला सिट्रिझिनने झोप येते, तीही जिभेखाली ठेवायची का?

अनघा_औंध
शिरीषदादा, ती गोळी वेगळी.
नाना, वेळ एकच हे खरं, पण खाज कळायलाच हवी. सुरुवातीला गोळीनंतर अर्धा तास जागं असावं आणि घरात कुणीतरी असावं. मुग्धा, उठल्याबरोबर, चहाच्या आधी घे. हात कोरडे कर, कारण ओलं बोट लागलं की ती विरघळायला लागते. पाकिटातून काढली की लगेच जिभेखाली ठेव. एक मिनिट थुंकी गिळू नकोस, पुढची पाच मिनिटं खाणंपिणं नको. तेवढ्यात चहा उकळतो. मी दीड वर्ष असंच करतेय. खाज साधारण तीन आठवड्यांत गेली, नाक मोकळं व्हायला तीनेक महिने लागले.
घसा आवळला, आवाज बसला, धाप लागली किंवा अंगावर गांधी उठल्या तर वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. घास अडकल्यासारखं रोजच वाटू लागलं, तर गोळी थांबवून डॉक्टरांना सांगायचं.
दाढेचं आजच फोन करून विचार. तोंडात जखम असताना ही गोळी घ्यायची नसते.

मुग्धा_कोथरूड
केला फोन. दाढ काढायच्या दिवसापासून बंद, जखम भरल्याचं दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं की सुरू. खंड सात दिवसांपेक्षा लांबला तर आधी फोन करायचा, कदाचित परत तिथेच बसून घ्यावी लागेल. चुकलेली गोळी भरून काढायला दोन एकदम घ्यायच्या नाहीत. उद्यापासून साडेसहाला, नवरा घरात असतो.
खाजेसाठी आधी सिट्रिझिन घेतलेली चालते का, हे मात्र विचारायचं राहिलं. कुणाला डॉक्टरांनी तसं दिलं होतं का?

अनघा_औंध
मला पहिले दहा दिवस दिली होती. माझ्या जावेला त्याच डॉक्टरांनी दिली नाही. तिला दमा आहे, त्यामुळे असेल. तू विचारूनच घे.