मदत हवी आहे: दादा गोळी घेतोय तरी झोप उडालीय. थांबू की दाखवू?

मुक्ता_क
घाईत लिहितेय. मोठा भाऊ, स्किझोफ्रेनिया, सहा वर्षं झाली. गेली दोन वर्षं अगदी छान चाललं होतं. आता पाच रात्री झाल्या, जेमतेम दोन-अडीच तास झोपतो, बाकी वेळ खोलीत येरझाऱ्या. गोळी रोज रात्री मी स्वतः हातावर ठेवते, त्यामुळे तो प्रश्न नाही. डॉक्टरांची पुढची तारीख अठरा दिवसांनी आहे. त्यात पुढच्या आठवड्यात चुलतबहिणीचं लग्न, आणि काकूंचा फोन आला की "त्याला आणू नका, मुलाकडच्यांना काही माहीत नाही." आई म्हणते, जेवणात जास्तीची गोळी मिसळून देऊ, लग्नापर्यंत शांत राहील. पटकन सांगा काय करू.

निवांत
मलाही झोपेचा त्रास होता. रात्री आठनंतर मोबाईल बंद आणि दुपारची डुलकी बंद. पंधरा दिवसांत फरक पडला.

खडूस_आजोबा
अहो ताई, कोणती गोळी? किती मिलिग्रॅमची? मध्ये काही बदल झाला का? "गोळी" एवढ्यावर कोण काय सांगणार?

मुक्ता_क
निवांत, हे मोबाईलचं जागरण नाहीये हो.
आजोबा, राहिलंच. ओलान्झापिन, रात्री एकदा. आधी १५ होती. नऊ किलो वजन वाढलं आणि सकाळी उठवत नव्हतं म्हणून डॉक्टरांनीच १० केली, त्याला आठ आठवडे झाले. पण सात आठवडे काहीच झालं नाही, म्हणजे त्याचा संबंध नसणार ना?

हेमांगी
येरझाऱ्या म्हणालात ना? तो आजार नाही, औषधाचाच परिणाम आहे. माझ्या नणंदेला अगदी असंच व्हायचं, पाच मिनिटं एका जागी बसवायचं नाही. गोळी दोन दिवस बंद ठेवून बघा, लगेच कळेल.

उंबरठा
हेमांगी, थांबा. तुम्ही म्हणता तशी पायांतली तगमग असते हे खरं, आणि पुष्कळ घरांत तिलाच आजार उलटला असं समजतात. पण ती बहुधा औषध नवीन सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर येते. इथे डोस कमी झालाय. शिवाय तगमग असलेला माणूस बहुतेकदा स्वतःच सांगतो की पायांना चैन नाही. मुक्ता, दादाला सरळ विचार. पण गोळी बंद करून बघायची नाही, दोन दिवससुद्धा नाही.

माझ्या मुलाचा आजार एकोणीस वर्षं सांभाळतेय. सात आठवड्यांनी म्हणजे संबंध नाही, हे गणित चुकतं. डोस उतरवला की दुसऱ्या दिवशी काही दिसत नाही. कधी आठवड्यांनी, कधी महिन्यांनी दिसतं. तोवर सगळे म्हणत असतात, बघा, लागतच नव्हती एवढी.

मला दोन गोष्टी सांग. मागच्या वेळी बिघडलं तेव्हा पहिल्या आठवड्यात नेमकं काय दिसलं होतं? आणि दादा सिगरेट ओढतो का?

खडूस_आजोबा
सिगरेटचा इथे काय संबंध?

मुक्ता_क
पायांचं विचारलं. म्हणाला, पाय ठीक आहेत, आवाज नको आहे.
मागच्या वेळी त्याने भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून ठेवला होता. म्हणायचा, ते मोजतंय. त्यानंतर तीन आठवड्यांनी दवाखान्यात दाखल करावं लागलं. आणि परवा सकाळी घड्याळ दोन वाजून दहा मिनिटांवर थांबलेलं होतं. सेल संपला असेल म्हणून मी नवीन घातला. काल तोही काढलेला, रुमालात गुंडाळून कपाटावर. लिहिताना आत्ता लक्षात येतंय.
सिगरेट ओढतो. पूर्वी दिवसाला तीन-चार, गेला महिनाभर एक अख्खं पाकीट. सगळ्यांना वाटलं कामाचा ताण.

उंबरठा
आजोबा, संबंध आहे. तंबाखूच्या धुरामुळे यकृत ओलान्झापिन भराभर संपवतं. क्लोझापिनचंही तसंच. म्हणजे गोळी तीच, पण रक्तात कमी उरते. करामत धुराची आहे, निकोटिनची नाही. उलटही होतं. माझ्या मुलाने एका झटक्यात सिगरेट सोडली आणि आठवड्यात तो दिवसभर पेंगायला लागला, बोलताना जीभ जड. डोस कमी करून घ्यावा लागला. म्हणून दादाला आत्ता सिगरेट सोडायलाही लावू नकोस. आधी डॉक्टरांना कळव.

मुक्ता, तुझ्याकडे १५ ची १० झाली आणि वरून धूर कितीतरी वाढला. हेच कारण असं मी म्हणत नाही, सिगरेट अस्वस्थपणामुळेही वाढली असेल. ते डॉक्टर ठरवतील. पण घड्याळाचा सेल ही तुझ्या दादाची स्वतःची खूण आहे. अठरा दिवस थांबू नकोस. आज फोन कर आणि "बरं वाटत नाहीये" असं मोघम सांगू नकोस, तसं सांगितलं की पुढची तारीखच मिळते. डोस कधी, किती उतरवला, सिगरेट किती वाढली, पाच रात्रींची झोप, सेल, आणि मागच्या वेळी याच खुणेनंतर दाखल करावं लागलं होतं, एवढं कागदावर लिहून वाचून दाखव. खाणंपिणं सोडलं, मरणाचं बोलला किंवा आवाज काही करायला सांगतायत असं म्हणाला, तर फोनही नको, थेट तातडीच्या विभागात.

अबोली
आणि जेवणात मिसळायचं काय? आम्ही वडिलांना तसंच दिलं होतं. एके दिवशी वाटीच्या तळाशी पांढरी भुकटी दिसली. त्यानंतर चार महिने घरचं काही खाल्लं नाही त्यांनी. विष घालतायत ही त्यांची भीती आम्हीच खरी करून दाखवली.

रातराणी७
बोलायला सोपं आहे. आमच्याकडे आईने सुरी हातात घेतली होती. औषध लपवून दिलं म्हणून आज सगळे जिवंत आहोत. मला पश्चात्ताप नाही.

अबोली
मग महिन्याच्या इंजेक्शनचं का नाही विचारलंत?

रातराणी७
विचारलं होतं. इंजेक्शनला माणूस दवाखान्यात तर यायला हवा ना?

उंबरठा
रातराणी, तुमच्या जागी मी काय केलं असतं मला माहीत नाही. पण मुक्ताचा दादा गोळी हातावर घेतोय, मग लपवायचं कशासाठी? आणि जास्तीची गोळी आईने ठरवायची नाही.

सेल परत घालू नकोस. घड्याळ मोजत नाही हे पटवायला जाऊ नकोस, आणि हो मोजतंय असंही म्हणू नकोस. "तुला त्याचा त्रास होतोय ना, राहू दे बंद," एवढं पुरे.

हेमांगी
काकूंचं मात्र मला पटतं. ऐन लग्नात तमाशा झाला तर? तसाही दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वाचा काय भरवसा, कधी दुसराच माणूस होईल.

खडूस_आजोबा
ते वेगळं हो. यात एका माणसाची दोन माणसं होत नाहीत. आणि तमाशे करायला आजार लागत नाही, आमच्याकडे जावयाने न आजारता केला होता.

उंबरठा
लग्नाला न्यावं की नाही, हा त्याच्या झोपेचा प्रश्न आहे. गर्दी, आवाज, जागरण आत्ता नकोच असेल कदाचित. पण ते दादाला विचारून ठरवा. काकूंना लाज वाटते म्हणून नाही. त्याला फोनचं कळलंय का?

मुक्ता_क
कळलंय. आई स्पीकरवर बोलत होती.

दवाखान्यात फोन केला. आधी म्हणाल्या तारखेलाच या. मग कागद वाचून दाखवला. सेलचं ऐकून त्यांनी थांबायला सांगितलं, डॉक्टरांशी बोलल्या, आणि उद्या सकाळी साडेनऊला बोलावलंय. दादा यायला तयार आहे, पण आई नको म्हणतो, फक्त मी. आईला हे कसं सांगू कळत नाहीये, ती आत्ताच साडी काढून बसलीय.

निवांत
पण दुपारची डुलकी घेतात का ते सांगितलंच नाही तुम्ही.