४ जीबी रॅमचा फोन सुरळीत, ८ जीबीचा अडखळतो: तुलना नेमकी कशाची करावी?

सातपूरकर
नमस्कार. माझ्याकडे तीन वर्षांपूर्वी घेतलेला, ८ जीबी रॅम आणि ५,००० एमएएच बॅटरी असलेला अँड्रॉइड फोन आहे. धाकट्या बहिणीकडे आयफोन १३ आहे, ज्याची रॅम ४ जीबी आणि बॅटरी सुमारे ३,२४० एमएएच आहे. कागदावर माझा फोन सरस असूनही कॅमेरा उघडणे, लांबलचक पान सरकवणे किंवा टंकताना अक्षर उमटणे, या सर्व गोष्टी तिच्या फोनवर अधिक सहज होतात. दिवाळीपूर्वी मला फोन बदलायचा आहे. एक वापरलेला आयफोन १३ आणि एक नवा ८ जीबीचा अँड्रॉइड, असे दोन पर्याय समोर आहेत. दोन वेगळ्या प्रणालींचे हे आकडे एकमेकांशी कसे ताडून पाहावेत?

कॉलेज रोडचा वाचक
याचे कारण सरळ आहे. अँड्रॉइडवरील बहुतेक ॲप्स ज्या पद्धतीने चालतात, तिच्यात वापरून झालेली मेमरी लगेच मोकळी होत नाही. ती साचते आणि मग अधूनमधून एकदम झाडून काढली जाते, त्यामुळे नेहमी मोकळी जागा हाताशी ठेवावी लागते. आयफोनमध्ये वस्तूचे काम संपले की तिची जागा बहुधा त्याच क्षणी सुटते. म्हणून आयफोनचे ४ जीबी म्हणजे अँड्रॉइडचे ८ जीबी, असे समजून हिशेब करावा.

इंदिरानगर ६८
सातपूरकर, आपल्या फोनमध्ये फोटो आणि व्हिडिओ फार साठले असावेत. व्हॉट्सॲपचे जुने व्हिडिओ काढून टाका, फोन पूर्ववत होईल. माझ्या मुलाने माझ्या फोनवर तेवढेच केले होते.

मेमरीवाला
मी अकरा वर्षे दोन्ही प्रणालींसाठी ॲप्स लिहितो आहे. कॉलेज रोडच्या वाचकांनी सांगितलेला फरक खरा आहे, परंतु त्यावरून दुपटीचे सूत्र काढता येत नाही. १२ मेगापिक्सेलचा फोटो पूर्ण आकारात उघडला की प्रत्येक बिंदूला ४ बाइट याप्रमाणे सुमारे ४८ एमबी जागा लागते, आणि ती दोन्ही फोनांत तेवढीच लागते. खेळांमधील चित्रे, ब्राउझरमधील जड पाने यांचेही तसेच. सूत्र तिथे कोसळते.

मोठा फरक आहे तो ॲप पडद्याआड गेल्यावर त्याचे काय होते, यात. आयफोनमध्ये गाणी, नकाशावरील मार्गदर्शन, फोन कॉल अशी मोजकी कामे वगळता मागे गेलेले ॲप थोड्याच वेळात गोठवले जाते. ते मेमरीत राहते, पण प्रोसेसरला हात लावू शकत नाही, आणि जागा कमी पडली की प्रणाली त्याला न विचारता बंद करते. त्यामुळे समोरच्या ॲपला स्पर्धा जवळजवळ उरत नाही. अँड्रॉइडने मागील ॲप्सना परंपरेने बरीच मोकळीक दिली. अलीकडच्या आवृत्त्यांत गोठवण्याची सोय तिथेही आली आहे, तरी कोणाला किती मुभा द्यायची हे बऱ्याच अंशी फोन बनवणारी कंपनी ठरवते.

आता मूळ गोंधळ सोडवू. रॅम जास्त असल्याने मुख्यतः अधिक ॲप्स जिथे सोडली तिथेच सापडतात. पान अडखळत सरकते की नाही, हे बहुतांशी पुढचे चित्र वेळेत तयार होते का यावर ठरते. सेकंदाला ६० चित्रांच्या पडद्यावर प्रत्येक चित्रासाठी सुमारे १६.७ मिलीसेकंद मिळतात, १२० च्या पडद्यावर ८.३. तेवढ्यात प्रोसेसरचे काम आटोपले नाही, किंवा साठवणीतून माहिती येण्याची वाट पाहावी लागली, तर रॅम १२ जीबी असली तरी झटका बसतो. आपल्या फोनची साठवण किती टक्के भरली आहे, हे कृपया कळवावे. इंदिरानगरच्या काकांचा सल्ला मूळ प्रश्नाला सोडून असला, तरी इथे लागू पडू शकतो.

पिंपळगावची ताई
माझा अनुभव उलट आहे. आमची द्राक्षबाग पिंपळगाव बसवंतजवळ आहे. घडांचे फोटो एका ॲपमधून खरेदीदाराकडे पाठवावे लागतात आणि बागेत नेटवर्क अशक्त असते. जुन्या अँड्रॉइडवर मी चाळीस फोटो निवडून फोन खिशात ठेवत असे, आणि घरी पोहोचेपर्यंत ते गेलेले असत. आयफोन घेतल्यापासून कुलूप लागले की पाठवणे थांबते. फोन फार सुरळीत चालतो, पण माझे काम अडते.

मेमरीवाला
ताई, तुमचे ॲप गोठवले जात आहे. ॲप बंद असतानाही पाठवणी पुढे नेण्याचे काम आयफोनच्या प्रणालीवर सोपवता येते, पण ती सोय ॲप लिहिणाऱ्याने वापरलेली असावी लागते. त्यांना तसे कळवावे. तोवर ॲप उघडे आणि पडदा जागा ठेवण्यावाचून इलाज नाही. सुरळीतपणाची किंमत कुठे मोजली जाते, याचे हे नेमके उदाहरण आहे.

सातपूरकर, तुलना अशी करा. दोन्ही फोनांत तीच दहा ॲप्स आणि ब्राउझरमध्ये तीच सहा पाने एका क्रमाने उघडा, प्रत्येकात थोडे पुढे जा. मग त्याच क्रमाने दुसरी फेरी मारा आणि किती ॲप्स जिथे सोडली तिथेच सापडली, ते मोजा. बँकेची ॲप्स सुरक्षेसाठी मुद्दाम बाहेर काढतात, त्यांना गणतीत घेऊ नका. बॅटरीसाठी एकच व्हिडिओ तासभर चालवा, स्वयंचलित प्रकाश बंद ठेवा, आणि पट्टीची जागा न पाहता दोन्ही पडद्यांवर पांढरे पान उघडून, शेजारी धरून प्रकाश डोळ्यांनी जुळवा. दोन्हीकडे निम्म्यावर असलेली पट्टी म्हणजे सारखा प्रकाश नव्हे.

कॉलेज रोडचा वाचक
दुपटीचे सूत्र मी मागे घेतो. मात्र नवीन फोनांत ८ जीबीला आणखी ८ जीबी जोडण्याची सोय असते, ती वापरल्यास दुसऱ्या फेरीत फायदा व्हायला हवा.

मेमरीवाला
ती जोडलेली जागा साठवणीतून घेतलेली असते, आणि साठवण रॅमपेक्षा कितीतरी सावकाश असते. काही ॲप्स तग धरतील, पण त्यांच्याकडे परतताना विलंब जाणवू शकतो. माझ्या अनुभवात ती बंद ठेवलेली बरी. काही सहकाऱ्यांचे मत वेगळे आहे.

सातपूरकर
महात्मा गांधी रोडवरील दुकानात तासभर चाचणी करू देईनात, म्हणून रविवारी बहिणीचा फोन घेऊन घरीच बसलो. दुसऱ्या फेरीत माझ्या फोनवर दहापैकी नऊ ॲप्स जागेवर होती, तिच्या फोनवर सहा. ब्राउझरची सहापैकी चार पाने तिच्याकडे नव्याने उघडली. तरीही प्रत्येक ॲप तिच्याकडे लवकर उभे राहत होते, त्यामुळे इतकी वर्षे हे तिच्या लक्षातच आले नव्हते. तासाभराच्या व्हिडिओने माझी बॅटरी ९ टक्के उतरली, तिची १२ टक्के. तिच्या बॅटरीचे आरोग्य ८५ टक्के दिसते. माझी साठवण ९६ टक्के भरलेली आहे.

मेमरीवाला
३,२४० चे ८५ टक्के म्हणजे २,७५४, त्याचे १२ टक्के म्हणजे सुमारे ३३० एमएएच. आपले ५,००० चे ९ टक्के म्हणजे ४५०. यावरून आयफोन काटकसरी ठरतो, पण हा निष्कर्ष कच्चा आहे, कारण आपली बॅटरीही तीन वर्षांची आहे. ती ८० टक्क्यांवर आली असेल, तर तोच खर्च ३६० होतो आणि फरक जवळजवळ मिटतो. खात्रीने सांगता येते ते एवढेच, की त्याच कामात तिचा फोन आठ तासांच्या थोडा पुढे जाईल आणि आपला अकरा तास. आयफोन १३ ची बॅटरी ५०० पूर्ण चार्जनंतर ८० टक्के क्षमता राखेल अशा बेताने बनवलेली आहे. वापरलेला फोन घेताना आरोग्याचा आकडा पाहून बॅटरी बदलण्याचा खर्च किमतीत धरावा.

खरेदीआधी आपली साठवण ८० टक्क्यांच्या खाली आणा आणि आठवडाभर फोन वापरून पाहा. झटके कमी झाले, तर दोष प्रणालीचा नव्हता.

सातपूरकर
आज रात्री व्हिडिओ हार्ड डिस्कवर हलवतो. झटके तसेच राहिले, तर बहिणीसारखाच फोन घेण्याकडे माझा कल आहे, कारण ब्राउझरची पाने पुन्हा उघडणे मला चालेल. पिंपळगावच्या ताई, ॲपवाल्यांचे उत्तर आले तर इथे कळवाल का? आमच्या कारखान्यातील यंत्रांचे फोटोही मला अशाच एका ॲपमधून पाठवावे लागतात.