मदत हवी आहे: बाबांना त्यांच्याच पेशी का, माझ्या का नकोत?

खानापूरकर: बाबा ५८ वर्षांचे. मल्टिपल मायलोमा, म्हणजे हाडांच्या मज्जेतला कॅन्सर, निघालाय. औषधांच्या चार सायकल झाल्या, रिपोर्ट चांगले आलेत. डॉक्टर म्हणतात, आता ऑटोलोगस, म्हणजे बाबांच्याच मूळ पेशींचा ट्रान्सप्लांट करू. आमच्या गल्लीतल्या पोराला ब्लड कॅन्सरमध्ये भावाच्या पेशी दिल्या होत्या. मी २९ वर्षांचा, धडधाकट. आजारी माणसाच्याच पेशी परत घालून काय साधणार?

निपाणी_७७: तुमचा मॅच जुळला नसेल. पोराचा बापाशी अर्धाच जुळतो. पूर्ण जुळला असता तर तुमच्याच घेतल्या असत्या.

वॉर्डातली_ताई: अर्धा जुळतो हे खरं, पण कारण ते नाही. मी ट्रान्सप्लांट वॉर्डात नर्स आहे. मायलोमात खरं काम करतं ते मेल्फालान हे किमोचं औषध. त्याचा मोठा डोस मज्जाही जाळून टाकतो. म्हणून आधी चार-पाच दिवस इंजेक्शनं देऊन पेशी रक्तात आणतात, मशीनवर गोळा करतात आणि मेल्फालाननंतर एक-दोन दिवसांत सलाइनसारख्या परत सोडतात. साधारण दोन आठवड्यांत काउंट वर येतात. म्हणजे पेशी औषध नव्हेत, मज्जा पुन्हा उभी करायचं बियाणं आहे.

तुमच्या गल्लीतल्या पोराला बहुधा एएमएल असावा. त्यात दुसऱ्याच्या पेशी घालतात त्या लढण्यासाठीच, कारण दात्याच्या पेशी उरलेला कॅन्सर ओळखून मारतात. पण एएमएलमध्येही सगळ्यांना लागत नाही. आजार उलटायचा धोका कमी असेल तर किमोवरच थांबतात.

सदलगा_आक्का: मला २०१९ ला बहिणीच्या पेशी दिल्या. मॅच पूर्ण होता, तरी त्या माझ्याच अंगावर उठल्या. अंगभर पुरळ, डोळे कोरडे. अजून दर दोन तासांनी थेंब घालते. कॅन्सर मात्र परतला नाही.

वॉर्डातली_ताई: आक्का म्हणतात तो जीव्हीएचडी. त्यात आणि इन्फेक्शनमध्ये जीवही जाऊ शकतो. एएमएलमध्ये तो धोका पत्करण्यासारखा असतो. मायलोमात तेवढ्यानेही आजार जाईल याची खात्री नाही, म्हणून पहिल्यांदा स्वतःच्याच पेशी. यानेही तो कायमचा जात नाही, पण आटोक्यात राहण्याचा काळ वाढतो.

खानापूरकर: ताई, गोळा केलेल्या पिशवीत मायलोमाच्या पेशी असतील तर? शिवाय किडनीचं क्रिएटिनिन वाढून २.१ आहे.

वॉर्डातली_ताई: थोड्या असू शकतात. पण आजार उलटतो तो बहुतेक करून अंगात उरलेल्यामुळेच. क्रिएटिनिनसाठी मेल्फालान कमी करतात, अंगाच्या दर चौरस मीटरला २०० ऐवजी १४० मिलिग्रॅम. नुसत्या त्यावरून नाही म्हणत नाहीत. हृदयाची टूडी इको झाली का?

खानापूरकर: झाली, ठीक आहे. पण बाबा म्हणतात सुगी झाल्यावर जाऊ, म्हणजे अजून तीन महिने. तोवर मायलोमाची लेनालिडोमाइड गोळी चालू ठेवू का?

वॉर्डातली_ताई: ती जास्त दिवस घेतली की पेशी कमी निघतात. वजनामागे किलोला निदान २० लाख लागतात. आता गोळा करून गोठवता येतील का, एवढं डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा.

निपाणी_७७: तीन महिन्यांनी काही होत नाही, माझ्या मामांनी पाच थांबवलं होतं.

खानापूरकर: मामांच्या पेशी किती निघाल्या हो?