दोन मिनिटांत वीस वर्षं कशी सांगायची?

"बॅचच्या गेट-टुगेदरला प्रत्येकाला दोन मिनिटं आहेत. चार नोकऱ्या, मधे गॅप, हे सगळं कसं बसवू?"

सगळं बसवूच नका. दोन मिनिटांत आरामात बोललं तर जेमतेम दोनशे-सव्वादोनशे शब्द होतात, त्यात चार कंपन्या, हुद्दे आणि सालं घातली की बायोडेटा वाचल्यासारखं होतं आणि समोरचे चुळबुळ करायला लागतात. सुरुवातीला तेव्हाची ओळख द्या, म्हणजे कुठल्या ब्रँचला, कोणाच्या ग्रुपमधे, आडनाव बदललं असेल तर जुनंही, कारण चेहरे बदललेले असतात आणि लोक तुमचं ऐकायचं सोडून 'हा कोण' हेच आठवत बसतात.

मग नोकऱ्या नाही, वळण सांगा. मी सिव्हिलची, मागच्या वेळी एवढंच बोलले: "सहा वर्षं साइटवर काढली, मग बाबांच्या आजारपणात तीन वर्षं घरी होते, परतले तेव्हा साइट झेपेना म्हणून जुन्या इमारतींच्या तपासणीकडे वळले. आता भिंतीवर हातोडी वाजवून आवाज पोकळ येतो का ते ऐकते." गॅप एका वाक्यात, कारणासकट, पुढच्या कामाला जोडून. लपवली तर नंतर चहाच्या वेळी दहा जण वेगवेगळं विचारतात. त्या हातोडीवरून मात्र तिघं आपणहून बोलायला आले, एकाच्या सोसायटीत तोच प्रॉब्लेम होता.

घरी मोबाईलवर टायमर लावून मोठ्याने बोलून बघा, मनात वाचलं तर वेळ हमखास कमी वाटतो. पावणेदोन मिनिटांत संपलं पाहिजे, कारण मधे कोणीतरी जुन्या टोपणनावाने हाक मारणारच.